आंब्याच्या पेट्या आणि कंपनीला लिहिलेलं पत्र

नोकरी सांभाळून जोडधंदा करणाऱ्या माणसाबद्दल कंपनीला तीनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. याचा वेळ कुठे जातो, याचं डोकं कुठे असतं आणि इथल्या ओळखी तो तिकडे वापरतो का. धंद्यात त्याला किती सुटतात याच्याशी कंपनीला फारसं देणंघेणं नसतं. मनुष्यबळ विभागात माझं आयुष्य गेलं. जोडधंद्याची परवानगी मागणारे अर्ज मी वाचले आणि न मागता केलेल्या धंद्यांच्या चौकशांनाही बसलो. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: कंपनीला शंका येते ती धंद्यामुळे कमी आणि तो तिला कुठून कळला यामुळे जास्त.

ओळखीतल्या एका मुलाचं उदाहरण देतो. घर देवगड तालुक्यातलं, नोकरी हिंजवडीत, हाताखाली लहानशी टीम. वडिलांची हापूसची कलमं आहेत. दलालाकडे माल टाकण्यापेक्षा पुण्यात थेट घरोघरी पेट्या द्याव्यात, असं त्याच्या मनात आलं. कंपनीच्या नेमणूकपत्रात लेखी परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करायचा नाही, असं कलम होतं. त्यानं अर्जाचा मसुदा मला दाखवला. त्यात ब्रँडचं नाव होतं, स्वतःचा उल्लेख ‘संस्थापक’ असा होता, पुढच्या काही वर्षांची स्वप्नं होती, आणि शेवटी ‘याचा माझ्या कामावर कोणताही परिणाम होणार नाही’ असं आश्वासन होतं. असा अर्ज वाचणाऱ्याच्या मनात एकच विचार येतो, हा मुलगा लवकरच राजीनामा देणार. आश्वासनाचं वाक्य तर प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे त्याला वजन राहत नाही.

आम्ही दोघं बसलो आणि धंद्याचा दिवसक्रम कागदावर मांडला. खरी अडचण तिथे सापडली. आंबा कच्चा येतो, पेंढ्यात ठेवला की आठ-दहा दिवसांत पिकतो. पेट्या पोचवणं रविवारी जमण्यासारखं होतं. पण तक्रारी रविवारी येत नाहीत. फळात साका असेल तर वरून काही दिसत नाही, कापल्यावरच कळतं, आणि मग गिऱ्हाईक त्याच क्षणी फोन करतं. तो मंगळवारचा सकाळी अकराचा फोन असू शकतो, टीमची बैठक चालू असताना. शिवाय हंगाम मार्च ते मे, म्हणजे बऱ्याच कंपन्यांत वर्षअखेरीचा आणि कामाच्या मूल्यमापनाचा काळ. कंपनीनं विचारण्याआधी याचं उत्तर त्याच्याकडे असायला हवं होतं.

म्हणून आधी धंद्याची घडी बदलली आणि पत्र नंतर लिहिलं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पेट्यांवर छापायचा नंबर गावातल्या भावाचा ठेवला. तक्रार तो घेणार, बदली फळाचा निर्णय तोच करणार. नवं पत्र एका पानाचं झालं. त्यात त्यानं लिहिलं: बाग वडिलांच्या नावावर आहे आणि विक्री फक्त घरच्या बागेतल्या फळांची आहे, शेजाऱ्यांचा माल विकत घेऊन विकत नाही. हंगाम मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. माझं काम रविवारी पेट्या पोचवण्याचं, सोमवार ते शुक्रवार फोन भाऊ घेतो. हंगामात लागतील त्या रजा मी आधी मंजूर करून घेईन. माझ्या हाताखालच्या कुणाला, तसंच कंपनीला माल किंवा सेवा पुरवणाऱ्या कुणाला आंबे विकणार नाही. कंपनीचा लॅपटॉप, ईमेल, नाव वापरणार नाही. यातलं काही बदललं तर आधी कळवीन.

हाताखालच्या माणसांबद्दलच्या वाक्यावर तो अडला. ऑफिस हेच तर हक्काचं गिऱ्हाईक, असं त्याचं म्हणणं. पण ज्याची पगारवाढ तुमच्या शिफारशीवर ठरते, तो तुमची पेटी नाकारू शकत नाही. त्यानं आवडीनं घेतली तरी तिसऱ्याला ते तसं दिसत नाही. ते वाक्य पत्रात राहिलं.

मग आला सोशल मीडिया. लिंक्डइनवर नोकरी वर आणि बागेचा उल्लेख खाली एका ओळीत: ‘घरच्या हापूस बागेच्या हंगामी विक्रीत मदत.’ हुद्दा कुठलाच नाही. अर्जात मदतनीस आणि इंटरनेटवर संस्थापक, असं दिसलं की खोटं बोलल्याचा संशय येतोच. व्हॉट्सअॅप स्टेटसवर टाकल्याची वेळ दिसते. दुपारी तीनला ‘नवीन पेट्या आल्या’ असं झळकलं की रविवारच्या कामाची हमी फोल ठरते. हेही भावाकडे गेलं.

आपल्याकडे या सगळ्याला एक सोपी वाट काढतात: बायकोच्या नावावर धंदा. ती खरंच धंदा चालवत असेल तर प्रश्नच नाही. पण नाव तिचं, नंबर तुमचा आणि पैसे तुमच्या खात्यात, असं असेल तर लपवल्याचा पुरावा तुम्ही स्वतःच तयार करता. सरकारी नोकरांना तर ही वाट मुळीच नाही. केंद्राच्या १९६४च्या वर्तणूक नियमांनुसार कुटुंबातलं कुणी व्यापार करत असेल तर तेही सरकारला कळवावं लागतं. राज्यातल्या कर्मचाऱ्यांना १९७९चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत. त्यांनी ते वाचल्याशिवाय पाऊल टाकू नये.

आंब्याच्या जागी सॉफ्टवेअर असतं तर मी त्याला असं पत्र लिहायला सांगितलं नसतं. नोकरीच्याच क्षेत्रात जोडधंदा असेल तर चांगले शब्द कामाला येत नाहीत. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं मालकाकडे जातो. मग रात्री लिहिलेला कोड कुणाचा, हा वाद उभा राहतो. विप्रोनं २०२२ साली तीनशे जणांना काढल्याचं सांगितलं, तेव्हा आक्षेप स्पर्धक कंपन्यांसाठी काम केल्याचा होता. त्याच वर्षी इन्फोसिसनं पूर्वपरवानगीनं बाहेरचं किरकोळ काम करायला मुभा दिली, तीही कंपनीच्या आणि तिच्या ग्राहकांच्या स्पर्धेत नसलेल्या कामापुरती.

त्या मुलाच्या साहेबांनी पत्र वाचून ‘काही हरकत नाही, कर’ असं तोंडी सांगितलं. तो खूश झाला. मी त्याला थांबवलं. साहेब बदलतात आणि नव्या साहेबापुढे तोंडी परवानगी टिकत नाही. त्यानं मनुष्यबळ विभागाला ईमेल करून लेखी होकार मागितला. उत्तर यायला वेळ लागला, त्यात एका वर्षाची मुदत आणि दरवर्षी नूतनीकरणाची अटही आली. ही अट जाचक नाही. बाग मोठी झाली, विक्री वाढली तर पुढच्या वर्षी तो खरा आकडा सांगू शकतो, कारण पहिल्या वर्षी त्यानं काही दडवलेलं नाही.

तुमचा धंदा लोणच्याचा असो, शिकवण्यांचा असो की फोटोग्राफीचा, आधी नेमणूकपत्र काढून वाचा. परवानगी लागत असेल तर ती मागा, आणि लेखी उत्तर हातात येईपर्यंत पहिली ऑर्डर घेऊ नका.