बाबांची पेन्शन कुठल्या रकान्यात?

बाबा 59 वर्षांचे. 2005 च्या आधी राज्य सरकारच्या नोकरीत लागले, म्हणून जुनी पेन्शन मिळते. महागाई भत्त्यासकट महिन्याला 48,000. घरखर्च 36,000. साठलेले 40 लाख सगळे एफडीत, कारण ‘या वयात शेअर बाजार नको’.

मी त्यांच्यासाठी एक्सेल शीट केली, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो पेन्शनचा. मालमत्तेच्या रकान्यात ती कुणीच लिहीत नाही. पण वर्षाला 5.76 लाख, 20 वर्षं, आणि महागाईबरोबर वाढणारे! भाववाढ वजा जाऊन 2% व्याज मिळेल असं धरलं, तर एवढं उत्पन्न विकत घ्यायला आज सुमारे 94 लाख लागतील. म्हणजे बाबांकडे 40 नाही, 134 लाख आहेत आणि त्यातला मोठा हिस्सा सरकारी बॉन्डसारखा आहे. त्यांनी 20 लाख इंडेक्स फंडात घातले, तरी ते एकूण मालमत्तेच्या 15% च होतात.

शेजारच्या काकांशी तुलना केली की फरक दिसतो. ते खासगी कंपनीतून निवृत्त झाले. जवळ एक कोटी आहेत, पण ईपीएसची पेन्शन जेमतेम साडेसात हजार, तीही महागाईबरोबर न वाढणारी. खर्च तेवढाच, त्यामुळे दरवर्षी साडेतीन लाख साठ्यातून काढावे लागतात. त्यांचे निम्मे पैसे शेअर्समध्ये असते आणि बाजार 2008 सारखा निम्म्याहून खाली आला असता, तर एफडी संपेपर्यंत वाट बघायची किंवा पडलेल्या भावात विकायचं, एवढंच हातात राहिलं असतं. बाबांचे 20 लाख 10 लाख झाले, तरी किराणा पेन्शनमधूनच येणार. त्यांना विकायची वेळच येत नाही. पेन्शनमुळे परतावा वाढत नाही, थांबून राहता येतं.

याला मर्यादा आहेत. पेन्शन मोडून ऑपरेशनचं बिल भरता येत नाही. बाबांनंतर आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल ते शेवटच्या पगाराच्या 30%, म्हणजे सुरुवातीचा वाढीव काळ संपल्यावर आजच्या हिशोबाने 28,800. त्यामुळे शीटमधले 94 लाख आईसाठी तेवढे नाहीत. म्हणून आरोग्यविमा वेगळा आणि निम्मी रक्कम एफडीतच.

माझं चित्र उलटं आहे. मी 28 वर्षांचा, त्यामुळे ‘तरुण आहेस, सगळं शेअर्समध्ये टाक’ हे रोज ऐकतो. पण मंदी आली की आयटीतली नोकरी आणि पोर्टफोलिओ एकाच महिन्यात कोसळू शकतात. म्हणून माझा वर्षभराचा खर्च मी बाजाराबाहेर ठेवतो. बाबांना तेवढा ठेवायची गरज नाही.

शीट बघून बाबा म्हणाले, “झेपेल रे, पण झोप लागेल का?” प्रश्न बरोबर होता. पेन्शनमुळे खिशाची ताकद वाढते, मनाची वाढेलच असं नाही. शेवटी 20 ऐवजी 12 लाखांवर ठरलं. एफडीची मुदत संपेल तसतसे तेवढेच फंडात जाणार.