मधला नफा

जपानी कंपन्यांचे वार्षिक अहवाल इंग्रजीत आणणाऱ्या सॉफ्टवेअरचा शब्दसंग्रह मीच भरला होता. ‘केइजो रिएकी’समोर ‘करपूर्व नफा’ लिहून मोकळा झालो. ताळ्यातली जागा जवळपास तीच होती ना!

मग एका अहवालात ‘करपूर्व नफा’ दोनदा आला, दोन वेगळ्या आकड्यांनी. तेव्हा मी बडोद्याला घरी होतो. बँकेतून निवृत्त झालेल्या बाबांनी कागद पुढे ओढला. सोयीसाठी आकडे छोटे केले. धंद्याचा नफा १००, मिळालेला लाभांश ५, कर्जाचं व्याज वजा २०. उरले ८५, हाच केइजो रिएकी. त्याखाली जमीन विकून झालेला ३० चा फायदा, मग करपूर्व नफा ११५.

“जमीन काय दरवर्षी विकतात? म्हणून खाली वेगळी दाखवली,” बाबा म्हणाले.

आयएफआरएसमध्ये ‘असाधारण’ असा वेगळा कप्पाच चालत नाही. त्यामुळे ही ८५ ची ओळ तिथे ठरलेली नाही, आणि तिला नेमका शब्दही नाही. आता मी ‘ऑर्डिनरी प्रॉफिट’ ठेवतो आणि खाली तो कसा काढला ते एका वाक्यात देतो.

पण आधीचे तीन अहवाल गेले होते. त्यातल्या एकात, जमिनीऐवजी, आगीचं नुकसान होतं. म्हणजे आमच्या इंग्रजीत कंपनी होती त्याहून सुस्थितीत दिसत होती. त्याच रात्री ग्राहकाला मेल लिहिला. बाबा शेजारी बसून होते.