बाईंचे शुभेच्छापत्र आणि आईचे अनारसे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वीचा आमच्या योगवर्गाचा शेवटचा दिवस. शवासनातून उठून आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो, तेवढ्यात बाईंनी प्रत्येकीच्या हातात घडी घातलेला एकेक कागद ठेवला. म्हणाल्या, "घरी जाऊन सावकाश वाचा."

आमच्या बाई निवृत्त शिक्षिका. साठी केव्हाच ओलांडलेली, पण सकाळी सहाच्या ठोक्याला सभागृहात हजर. उशिरा येणारीकडे त्या नुसत्या बघतात, तेवढे पुरते. त्यामुळे कागदावर काय असणार याचा मला अंदाज होता. तळलेले नको, गोड नको, नियम चुकवू नका!

घरी येऊन चहा घेता घेता घडी उघडली. बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : "मैत्रिणींनो, दीपावलीच्या शुभेच्छा. फराळ आनंदाने खा. खाल्ल्याची टोचणी मनाला लावून घेऊ नका आणि सुट्टीनंतर मला त्याचा हिशेबही देऊ नका."

टोचणी हा शब्द वाचला आणि मला आदल्या वर्षीची दिवाळी आठवली.

त्या वर्षी मी वजन कमी करण्याचा ध्यास घेतला होता. पाडव्याला माहेरी गेले. आईने अनारसे केले होते. ज्यांनी ते केले आहेत त्यांना ठाऊक आहे, हे काम एका दिवसाचे नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग फडक्यावर पसरून अर्धवट ओले असताना कुटायचे, चाळून गूळ मिसळायचा आणि तो गोळा काही दिवस मुरू द्यायचा. गूळ जरा जास्त झाला, की अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. सत्तरीची माझी आई गुडघे धरत हे सगळे करते, कारण मला ते आवडतात.

तिने बशी पुढे केली. मी म्हटले, "नको आई, मी गोड बंद केलंय." ती काही बोलली नाही. बशीतले अनारसे तिने परत डब्यात ठेवले.

रात्री अकराला सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि दिवासुद्धा न लावता, उभ्याउभ्याच पाच अनारसे खाल्ले. चवीकडे लक्षही नव्हते. सकाळी उठले ती अपराधी मनाने. रोज बारा सूर्यनमस्कार घालणारी मी, त्या दिवशी एक्कावन्न घालायला निघाले. तिशीच्या पुढे खाली वाकले की घशाशी आंबट येऊ लागले, तरी आकडा पुरा केला. दुपारी कंबर धरली. भाऊबीजेचे ओवाळणे झाले आणि मी गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून राहिले.

हे मी वर्गात कोणालाही सांगितले नव्हते. पण बाईंनी पुढे जे लिहिले होते ते जणू माझ्यासाठीच होते. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली अत्याहार, म्हणजे अति खाणे. हे आपल्याला ठाऊक असते. पण दुसरी आहे प्रयास, म्हणजे शरीराला शिणवून टाकणारे कष्ट. आणि चौथी नियमाग्रह, नियमांचा हट्ट. मी मनाशी जुळवून पाहिले. रात्रीचे पाच अनारसे हा अत्याहार, एक्कावन्न नमस्कार हा प्रयास आणि आईची बशी परत पाठवली तो नियमाग्रह. सहापैकी तीन गोष्टी मी चोवीस तासांत केल्या होत्या, आणि तेही योगाच्या नावाखाली!

बाईंनी आणखी एक गंमत लिहिली होती. त्याच ग्रंथात मिताहाराची जी व्याख्या आहे, तिच्यात अन्न स्निग्ध आणि मधुर असावे असेच म्हटले आहे. योग्याला चालणाऱ्या पदार्थांत गहू, तांदूळ, दूध, तूप, साखर, मध यांची नावे आहेत. उलट तिखट, आंबट, खारट आणि तेलकट यांना अपथ्यात टाकले आहे. "म्हणजे लाडवाला घाबरून वाटीवाटी चिवडा खाणाऱ्यांनी विचार करावा," असा बाईंचा चिमटा होता. मात्र व्याख्येत एक अट आहे. पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवायचा.

हा चौथा हिस्सा मोजायचा कसा? बाईंची खूण सोपी आहे. जेवण झाल्यावर पाच-दहा मिनिटे वज्रासनात बसा आणि श्वास पोटापर्यंत सहज उतरतो का ते पाहा. उतरला तर जागा आहे. पोट गच्च भरले असेल, तर श्वासाचा पडदा खाली सरकत नाही, श्वास छातीतच अडकतो. तसे झाले तर समजावे की शेवटचे दोन घास जास्त झाले. स्वतःला शिक्षा करायची नाही, पुढच्या वेळी दोन घास आधी थांबायचे. जेवल्यावर लगेच करता येण्याजोगे हे एकच आसन, आणि गुडघे दुखत असतील तर नुसते ताठ बसले तरी चालते. बाकी आसने पोटभर जेवणानंतर तीन-चार तासांनी. नरक चतुर्दशीला पहाटेच फराळ होतो, तेव्हा त्या दिवशी सकाळची आसने सोडून द्यावीत, ती संध्याकाळी करावीत.

गोड कधी खायचे, तर जेवणाच्या ताटात, जेवणाचा भाग म्हणून आणि बसून. त्या दिवशी पोळी-भात थोडा कमी. फराळाला कोणाकडे गेलो, तर त्या घरचा जो पदार्थ नामी असेल तो एकच घ्यावा, पण चवीने. व्यायामाने हिशेब फेडायला जाऊ नये. बेसनाच्या मध्यम लाडवात साधारण दीड-दोनशे उष्मांक असतात, म्हणजे एका लाडवासाठी पाऊण तास भरभर चालणे आले. असा हिशेब मांडत बसलो, तर भाऊबीज घराबाहेरच जायची.

आमच्या वर्गात दोघी-तिघींना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी बाईंनी शेवटी वेगळे लिहिले होते. "तुम्हाला मी खा म्हणणार नाही आणि रागावणारही नाही. किती चालेल ते डॉक्टरांना आधी विचारा. लाडवासाठी जेवण टाळू नका. गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली जाऊ शकते. हात थरथरले, दरदरून घाम आला, तर ती खूण समजा आणि ताबडतोब साखर-पाणी घ्या. आणि बिनसाखरेची बर्फी म्हणजे निर्धास्त बर्फी नव्हे. तिच्यात खवा असतोच."

पत्राच्या तळाशी एकच ओळ होती : "सुट्टीनंतर पहिल्या दिवशी नेहमीचेच बारा नमस्कार होतील, जास्त नाहीत."

त्या पाडव्याला पुन्हा माहेरी गेले. मी ताटावर बसल्यावर आईने विचारले, पण जरा चाचरतच. "तुझं गोड बंदच आहे ना गं?"

"नाही आई," मी म्हटले, "एक वाढ ना. आणि पोळी एकच दे."

तिने डबा उघडला. अनारसा खसखशीच्या बाजूने वर ठेवून वाढला. मी तुकडा मोडला. आतली जाळी सुरेख पडली होती, तसे तिला सांगितले. ती म्हणाली, "या वेळी दोन हसलेच गं, गूळ ओला निघाला." मग त्या गुळाची, वाण्याची, तिच्या गुडघ्यांची अशी सगळी कहाणी तिने सांगितली. मी खात होते, ती बोलत होती.

जेवण झाल्यावर मी तिथेच वज्रासनात बसले. श्वास पोटापर्यंत छान उतरत होता. आईने विचारले, "आणखी एक?"

"आता नको, उद्या."

निघताना तिने डबाच पिशवीत घातला. त्या रात्री तो डबा माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावरच होता. मी मात्र शांत झोपले होते.