गळ्याची पट्टी आणि दाबाची टीप

वैशाखांत मुक्ताईनगरास दुपारीं घराबाहेर पाऊल टाकवत नाहीं. अशा दिवसांत मुलींच्या अंगावर बिनबाह्यांचे सुती झगे बरे, म्हणून गेल्या वर्षीं आम्ही नऊ वर्षांच्या पुतणीसाठीं एक झगा शिवावयास घेतला. कापड मात्र बाजारचें नव्हतें. सासूबाईंना जाऊन दोन वर्षें झालीं होतीं. त्यांचें जांभळें सुती लुगडें पेटींत होतें. जाऊबाई म्हणाल्या, "ह्याचाच शिवा, पोरीला तेवढीच आजीची आठवण." लुगडें जुनें, कांहीं ठिकाणीं विरलेलें, एकदां कातर चुकली तर दुसरें मिळावयाचें नव्हतें.

कापड पुरेना म्हणून गळ्याच्या व मुंढ्यांच्या आंतल्या पट्ट्या पांढऱ्या मलमलीच्या काढल्या. गळा मागें उघडा ठेवला होता. त्यास पट्टी जोडली, उलटविली, कडक इस्त्री केली. गळा सुरेख बसला. परंतु पहिल्या धुण्यानंतर पाहतों तों जांभळ्या कडेबाहेर पांढरी रेघ सर्वत्र डोकावूं लागलेली! पोरीनें भाबडेपणानें विचारलें, "काकू, आंतलें बाहेर कां येतंय?"

जाऊबाईंनीं वरून एक टीप मारण्यास सुचविलें. त्यानें पट्टी आंत राहिली असती हें खरें, पण विरलेल्या कापडावर ती टीप ठसठशीत दिसली असती आणि गळा ताठ झाला असता. अखेर झगा घेऊन आम्ही बाजारांतल्या एका वृद्ध शिंप्याकडे गेलों. त्यांनीं गळा उलटून पाहिला व म्हणाले, "वहिनी, इस्त्रीनें कापड निजतें, बांधलें जात नाहीं. शिवणीची माया पट्टीशीं बांधा."

मर्म तेवढेंच होतें. शिवणीची माया मोकळी राहिली कीं ती आंतून फुगते व पट्टीला कडेबाहेर लोटते. तीच माया पट्टीशीं शिवून टाकली म्हणजे पट्टीची बाजू जड व सपाट होते. घडी शिवणीवर न पडतां वरच्या कापडांत केसभर आंत पडते, आणि शिवण आपोआप आंतल्या बाजूस वळते.

गळ्याची शिवण न उसवतांच काम झालें, हें आमचें भाग्य. पट्टी पुन्हां बाहेर काढली. दोन्ही माया सारख्याच रुंद होत्या. त्यांपैकीं पट्टीची कापून सुमारें एक अष्टमांश इंच ठेवली व झग्याची पाव इंच, म्हणजे जाडी पायरीपायरीनें उतरते. मग गोलाईवर अर्ध्या अर्ध्या इंचावर चिरा दिल्या, टिपेपासून दोन धागे राखून. चिरा कमी पडल्या तर माया पसरत नाहीं व गळा चुण्या धरतो. अधिक खोल गेल्या तर टीपच तुटते. नंतर दोन्ही माया पट्टीखालीं लोटल्या, पट्टी व झगा दोहों बाजूंस हलकेंच ताणून धरले, आणि पट्टीच्या सुलट बाजूनें शिवणीला अगदीं लागून टीप घातली. ही टीप पट्टी व दोन्ही माया यांतून जावी. झग्याचें कापड तिच्याखालीं सांपडतां कामा नये. दर दोन बोटांवर थांबून खालीं हात फिरविला.

मुंढे अजून शिवावयाचे होते, आणि तेथें क्रमच महत्त्वाचा. बाजू आधीं शिवल्या तर लहान मुलीचा मुंढा इतका आवळ गोल होतो कीं यंत्राचा पाय आंत फिरत नाहीं. म्हणून फक्त खांदे जोडले, मुंढा सपाट असतांनाच पट्टी लावली, चिरा दिल्या, दाबाची टीप कडेपासून कडेपर्यंत नेली. मग पट्टी बाहेर उघडून झग्याची बाजू आणि पट्टीचीं टोकें एकाच सरळ शिवणींत घेतलीं. बाजू आधींच शिवल्या असतील तर मात्र हातानें बारीक उलटे टांके घालणें बरें.

पट्टीची मोकळी कड आम्ही सभोंवार टांचली नाहीं. तसें केल्यास बाहेर वळ उठतो. खांद्याच्या व काखेखालच्या शिवणींवर दोन दोन टांके पुरे झाले.

त्यानंतर झगा अनेकदां धुतला गेला. आंतून पाहिलें तर जांभळी कड पट्टीकडे केसभर वळलेली दिसते. बाहेरून पांढरें कोठेंच दिसत नाहीं. काम साधलें कीं नाहीं याची खूण हीच. परवां पोरीनें दोन्ही हात वर करून विचारलें, "दिसतें कां कांहीं?" जाऊबाईंनीं चष्मा लावून मुंढा न्याहाळला आणि म्हणाल्या, "नाहीं गं. फक्त आजीचें लुगडें दिसतें."