पाटीवरचे नाव

प्रशासनात आम्ही नावे फार देतो. योजनेला नाव, अभियानाला नाव, समितीला नाव. नाव ठरवताना आमच्या डोळ्यांसमोर फाइल असते, वित्त विभाग असतो, उद्‌घाटनाचा फलक असतो. ज्या माणसासाठी योजना आहे त्याला ते नाव वाचता येईल का, आणि वाचता आले तर त्याला काय वाटेल, हा प्रश्न नोकरीच्या पहिल्या वीस वर्षांत मला कधी पडला नाही. तो पडला इंदूरला, एका बांधकामावर, आठेक वर्षांच्या एका मुलीमुळे.

माझी नेमणूक तेव्हा मध्य प्रदेशात होती. इंदूरच्या पूर्वेला बायपासच्या बाजूने मोठमोठ्या इमारती उठत होत्या. काम करणारी माणसे झाबुआ, अलीराजपूर, धार या भागांतून आलेली. घरी भिली किंवा भिलाली बोलणारी, कामावर हिंदी. परिचयातल्या एका निवृत्त शिक्षिकेने तेथील मुलांना वाचायला शिकवण्याचे काम सुरू केले होते. ठेकेदाराने सिमेंटच्या गोदामाशेजारची एक पत्र्याची शेड दिली होती. संध्याकाळी चार ते सहा या वेळात वीस-पंचवीस मुले येत. शाळा चालवण्याचा त्यांचा दावा नव्हता. मुलाला वाचता यावे आणि मग त्याला जवळच्या सरकारी शाळेत त्याच्या वयाच्या वर्गात बसवावे, एवढाच हेतू होता. काम वाढले, दुसऱ्या ठिकाणाहूनही बोलावणे आले, तेव्हा संस्था नोंदवायचे ठरले. मध्य प्रदेशात त्यासाठी १९७३ चा स्वतंत्र सोसायटी नोंदणी कायदा आहे आणि किमान सात सभासद लागतात. मी त्या सातांत नव्हतो. कागद नीट आहेत की नाहीत हे पाहण्यापुरते मला बोलावले होते.

नावाची अडचण येईल असे कोणालाच वाटले नव्हते. शेडवर एक पाटी आधीपासून होती. इमारतीच्या अभियंत्याने, जो स्वतः सभासद होणार होता, हौसेने रंगवून घेतली होती : 'निर्धन श्रमिक बालक शिक्षा केंद्र'. तेच नाव पुढे चालवावे, असे सर्वांचे मत होते. मीही मान डोलावली. नाव हेतू सांगते आहे, मग आक्षेप कशाला?

त्याच सुमारास एका संध्याकाळी मी शेडवर गेलो होतो. एका गवंड्याची मुलगी दोन महिन्यांत बऱ्यापैकी वाचू लागली होती. नव्याने वाचायला लागलेले मूल दिसेल ते वाचते; सिमेंटच्या गोणीवरचे, गुटख्याच्या पुडीवरचे, ट्रकच्या मागचे. त्या दिवशी ती पाटीसमोर उभी राहिली आणि बोट हवेत फिरवीत मोठ्याने वाचू लागली : 'नि... ध... न'. रफार हे चिन्ह नवशिक्यांना नेहमी चकवते. ते पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसते आणि उच्चार मात्र त्या अक्षराच्या आधी करायचा असतो. त्यामुळे मुले ते सरळ गाळतात. निर्धनचे निधन झाले. बाईंना हसू आले. त्यांनी तिला जवळ घेऊन रफार समजावला. मुलीने शब्द पुन्हा वाचला, या वेळी बरोबर वाचला, आणि विचारले, "दीदी, निर्धन माने?"

बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "जिसके पास धन न हो." मुलीने पाटीकडे पाहिले, शेडमधल्या मुलांकडे पाहिले आणि काही न बोलता आत जाऊन बसली. ती दुखावली असे मी म्हणणार नाही. मुले आपल्या मनातले इतके उघड करीत नाहीत. पण दोन दिवसांनी तिचा बाप भेटायला आला. तो मिस्त्री होता. बांधकामावर मिस्त्री आणि बेलदार यांच्यात फरक असतो. मजुरीत असतो आणि मानातही असतो. तो शांतपणे म्हणाला, "साहब, हम कमाकर खाते हैं. बच्ची ने घर आकर पूछा कि हम निर्धन हैं क्या. मैं क्या बोलता?" मुलीला त्याने शिकण्यापासून थांबवले नव्हते. पाटी बदला, एवढेच तो सांगायला आला होता.

त्या रात्री मला जे उमगले ते अगदी साधे होते. बहुतेक धर्मादाय संस्थांची नावे देणगीदारासाठी लिहिलेली असतात. ज्यांच्यासाठी संस्था असते ते ती वाचत नाहीत, किंवा त्यांना ती वाचता येत नाहीत, आणि म्हणून हे खपून जाते. पण वाचायला शिकवणाऱ्या संस्थेचे तसे नाही. तिचे काम जितके यशस्वी होईल तितकी तिची मुले तिची पाटी वाचणार. आज ना उद्या हे नाव परीक्षेला बसणारच होते, आणि परीक्षक आपलेच विद्यार्थी असणार होते.

सरकारही या चुकीतून सुटलेले नाही. २०१७ साली राजस्थानात दौसा जिल्ह्यात स्वस्त धान्य घेणाऱ्या कुटुंबांच्या भिंतींवर 'मी गरीब कुटुंबातला आहे' अशा अर्थाची वाक्ये रंगवली गेली होती. हेतू अपात्र लोक वगळण्याचा असेल. पण रोज ती भिंत पाहायची होती ती त्या घरातल्या मुलांना.

मग नव्याने विचार सुरू झाला. अशाच मुलांसाठी काम करणाऱ्या जुन्या संस्थांची नावे आठवली. १९६९ मध्ये दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी सुरू झालेल्या संस्थेने 'मोबाइल क्रेशेस' हे नाव घेतले; कुटुंब दुसऱ्या कामावर गेले की पाळणाघरही तिकडे जाणार. १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेली 'डोअर स्टेप स्कूल' शाळा दाराशी नेते. दोन्ही नावे संस्था काय करते ते सांगतात. मुलाकडे काय नाही याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

पहिला प्रस्ताव माझाच होता : 'अक्षरज्योति बाल विद्यालय'. निबंधक कार्यालयातल्या एका जुन्या, अनुभवी बाबूंनी तो हसत परत केला. त्यांचे म्हणणे असे की, नावात 'विद्यालय' आले की शिक्षण विभाग मान्यता मागणार. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या अधिनियमाच्या, कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. जी शाळा नाही तिला शाळा म्हणवून हे झेंगट का घ्यायचे? कोणी 'राष्ट्रीय साक्षर बाल मिशन' सुचवले. त्यावर बाबूंनी १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या कायद्याची आठवण दिली : सरकारचा आश्रय किंवा संबंध सूचित करणारे नाव घेता येत नाही.

अभियंत्याने, पाटीची चूक मनाला लागल्यामुळे असेल, बांधकामातलेच शब्द सुचवायला सुरुवात केली. 'करनी' म्हणजे हिंदीत गवंड्याची थापी. अक्षरे सोपी आणि अर्थ 'कृती' असाही होतो. पण आमच्यातल्या मराठी मंडळींना ते ऐकताच लिंबू-मिरच्या आठवल्या, आणि करणी मातेच्या नावाच्या संस्था तिकडे इतक्या आहेत की साधर्म्यामुळे नाव अडले असते. 'सूत', म्हणजे विटांची रांग सरळ ठेवणारा धागा, जवळजवळ पक्के झाले होते. बँकेतून निवृत्त झालेल्या सभासदाने ते रोमन लिपीत कसे लिहाल, असे विचारले. एका स्पेलिंगने त्याचा इंग्रजीत अर्थ काजळी होत होता. पॅन, बँक खाते, आयकराची नोंदणी हे सर्व रोमन अक्षरांत चालते, आणि एकदा ठरलेले नाव बदलायचे म्हणजे ही सगळी कागदपत्रे पुन्हा करायची.

या चर्चेत एक गोष्ट आमच्या समोर असून आम्हाला दिसत नव्हती. शेडमध्ये कपाट नव्हते. खाली ठेवलेल्या पुस्तकांना ओल लागे आणि सिमेंटची धूळ बसे. म्हणून बाईंनी दोन खांबांमध्ये गवंड्याचीच एक दोरी ताणून बांधली होती आणि तिच्यावर पुस्तके मधोमध उघडून टांगलेली असत. मुलांनी आपला वर्ग केव्हाच त्या दोरीच्या नावाने ओळखायला सुरुवात केली होती. कुठे निघालास विचारले तर उत्तर येई, "डोरी पे." शिक्षा केंद्र हा शब्द एकाही मुलाच्या तोंडी नव्हता.

'डोरी पठन समिति' या नावाने अर्ज गेला. पाटीवर मात्र मोठ्या अक्षरांत 'डोरी' एवढेच. ड आणि र ही दोन अक्षरे, एक ओकार, एक ईकार. जोडाक्षर नाही, रफार नाही. दुसऱ्या महिन्यात मुलाला स्वतः वाचता येईल असे नाव. बांधकाम मजुरांची मुले, स्थलांतर, शाळेत प्रवेश हा सगळा तपशील आम्ही उद्देशपत्रात घातला. नोंदणी कार्यालय आणि आयकर विभाग पाहतात ते उद्देश. आपण प्रशासक उद्देशातले शब्द उचलून नावात टाकतो आणि मग ते माणसांच्या कपाळावर चिकटतात.

या नावाने सगळे सुरळीत झाले असे नाही. एका कंपनीच्या सामाजिक निधीचे व्यवस्थापक म्हणाले, नावावरून प्रश्नाचे गांभीर्य कळत नाही. त्यांचा निधी मिळाला नाही. देणगी मागताना प्रत्येक वेळी दोन मिनिटे दोरीचा खुलासा करावा लागतो. काम संपले की कुटुंबे आठ-दहा महिन्यांत निघून जातात आणि मुलाचे वाचन अर्धवट राहते, त्यावर कोणत्याही नावाचा इलाज नाही. मूल जाताना बाई त्याच्यासोबत एक कार्ड देतात : नाव, वय, कोणते पुस्तक वाचून झाले. नव्या गावातल्या शाळेत ते कधी उपयोगी पडते, कधी मुख्याध्यापक ते उलटून पाहतात आणि बाजूला ठेवतात.

जुनी पाटी उतरवली त्या दिवशी तो मिस्त्री स्वतः शिडी घेऊन आला होता. नवी पाटी लावताना त्याने ती दोनदा सरळ केली, खाली उतरून लांबून पाहिली आणि पुन्हा चढला. त्याला वाचता येत नव्हते. त्याने मुलीला हाक मारली आणि विचारले, "क्या लिखा है?"

तिने वाचून दाखवले. तो म्हणाला, "हाँ, यह ठीक है," आणि शिडी खांद्यावर टाकून कामावर गेला.