चौऱ्याण्णव दिवस

मी सबटायटल्स लिहिते. जूनमध्ये एका निर्मिती संस्थेला सहा भाग करून दिले. बिल ३८,४०० रुपयांचं, मुदत मेलवर ठरलेली : ३० दिवस. ऑक्टोबर उजाडला तरी खातं कोरडंच. माझं निम्मं काम याच संस्थेकडून येतं, त्यामुळे भांडायची सोय नव्हती आणि घरभाडं काही थांबत नव्हतं.

पैसे मागायचे म्हटलं की आपली मराठी फार लाजाळू होते. 'त्रास देतेय, सॉरी', 'जमलं तर बघा ना', 'सहज आठवण केली'. यातलं 'जमलं तर' सगळ्यात महाग पडतं, कारण न जमण्याची परवानगी आपणच देऊन बसतो. उलट 'किती वेळा सांगायचं?' असं लिहिलं, की समोरच्याला आपल्या पैशांऐवजी आपल्या भाषेवर बोलायची संधी मिळते. म्हणून मी विशेषणं काढली आणि आकडे ठेवले :

'नमस्कार मॅडम, बिल क्र. २७, दि. १२ जून, रक्कम ३८,४०० रुपये. याची मुदत १२ जुलैला संपली. आज, १४ ऑक्टोबरला, त्यावर ९४ दिवस झाले आहेत. बिल आणि फायली मिळाल्याची तुमची १३ जूनची मेल सोबत जोडली आहे. कृपया २२ ऑक्टोबरपर्यंत रक्कम जमा करावी. बिलात काही अडचण असल्यास १६ तारखेपर्यंत कळवावं. ही रक्कम आल्यावर पुढच्या दोन भागांचं काम सुरू करते.'

पोचपावतीची मेल जोडल्यामुळे 'काम मिळालंच नाही' हा रस्ता बंद होतो. अडचणीसाठी वेगळी तारीख दिली, की २१ तारखेला अचानक चूक सापडत नाही. शेवटचं वाक्य धमकी नाही, कामाचा क्रम आहे. पण ते पाळायची तयारी असेल तरच लिहावं.

कायद्याचा उल्लेख मी मुद्दाम टाळला. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. पण त्यासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि ती काम देण्याआधीची असलेली बरी. माझी आहे. तरी हे पान दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवलं. पहिल्याच पत्रात कलमं टाकली, की उत्तर वकिलाच्या सल्ल्याने येतं आणि पुढचं काम बहुधा येत नाही.

मॅडमसोबत हिशेब विभागालाही मेल टाकली होती. संध्याकाळी तिथल्या दादांचा फोन आला, "ताई, हे बिल आमच्यापर्यंत आलंच नव्हतं हो." खरं-खोटं मी विचारलं नाही. तारीख विचारली.

२१ तारखेला पैसे जमा झाले. २२ला मी सातवा भाग उघडला.