दुखणारा मणका कोणता?

सत्तरीपुढच्या माणसाच्या कंबरेचा बाजूने काढलेला एक्स-रे हातात आला की नजर आधी जाते ती सगळ्यात दबलेल्या मणक्याकडे. पुढून बसका, मागून उभा, पाचरीच्या आकाराचा तो मणका फिल्मवर लगेच ओळखू येतो. कंबर दुखते आहे, मणका दबलेला आहे, मग दोन्हींची सांगड तिथल्या तिथे घातली जाते. रेडिओलॉजीत इतकी वर्षं घालवल्यावर माझं मत असं झालं आहे, की म्हाताऱ्या माणसांच्या पाठदुखीत सगळ्यात जास्त फसगत या सांगडीतूनच होते. एकदा दबून जुळलेल्या मणक्याची उंची परत येत नाही. पाच वर्षांपूर्वी दबलेला मणका आजच्या फिल्मवरही दबलेलाच दिसणार. शिवाय ठिसूळ हाडांचे मणके पुष्कळदा गुपचूप दबतात. त्या वेळी 'चार दिवस पाठ भरून आली होती' एवढंच कित्येकांना आठवतं, काहींना तेही नाही.

एका आजींचं उदाहरण सांगते. वय ७६. न्हाणीतल्या बुटक्या स्टुलावर त्या धपकन बसल्या आणि तेव्हापासून कंबर धरली. तीन आठवडे उलटले तरी कुशीवर वळताना, अंथरुणातून उठताना जीव घेणारी कळ यायची. एकदा उभ्या राहिल्या की मात्र घरातल्या घरात हळूहळू चालायच्या. एक्स-रेवर एल-१, म्हणजे कमरेचा पहिला मणका, पुढच्या बाजूने जवळजवळ निम्मा बसलेला होता. या मणक्यात सिमेंट भरावं लागेल असं मुलाला सांगितलं गेलं होतं आणि त्याआधी एमआरआय हवा म्हणून ते माझ्याकडे आले.

आजींना मशीनमध्ये घेण्याआधी मी तीच फिल्म पुन्हा लावून नीट पाहिली. एल-१ च्या वरच्या प्लेटची कड गुळगुळीत होती, पांढरी रेघ कुठेही तुटलेली नव्हती. त्याच्या पुढच्या बाजूला, वरच्या डी-१२ मणक्याच्या दिशेने हाडाची चोच वाढली होती आणि डी-१२ ची चोच खाली येऊन तिला जवळपास टेकली होती. असा पूल तीन आठवड्यांत बांधला जात नाही, त्याला वर्षं लागतात. ताज्या मोडलेल्या मणक्याची कड वेगळी असते. तिथे रेघ तुटते, पुढच्या कोपऱ्यावर छोटी पायरी पडते, आणि प्लेटच्या लगेच खाली हाडाचे बारीक पदर एकमेकांत घुसल्यामुळे एक पांढरट पट्टा उमटतो. तसा पट्टा मला दिसला, पण तो एल-३ मध्ये. त्या मणक्याची उंची जवळपास शाबूत होती. वरच्या प्लेटच्या मध्यावर किंचित खळगा, त्याखाली पुसट पट्टा, आणि त्यावरून आतड्यातल्या वायूची सावली गेलेली. एवढ्यावर शंका घेता येते, निदान करता येत नाही.

दुखण्याची जागाही इथे नेहमी मदतीला येत नाही. छाती आणि कंबर जिथे मिळतात तिथले डी-१२ आणि एल-१ हे मणके सगळ्यात जास्त मोडतात, पण त्यांचं दुखणं अनेकदा बरंच खाली, कमरेच्या हाडांवर जाणवतं. "आजी, नेमकं कुठं दुखतं?" विचारलं तर त्यांनी अख्खा तळवा कमरेवर ठेवला. "ही सगळीच धरलीय गं बाई." मी त्यांना कुशीवर वळवून, मुठीने हलकेच ठोकत वरून खाली आले. एल-१ वर त्या गप्प होत्या. दोन मणके खाली आल्यावर त्यांनी झटकन हात मागे आणला, "तिथं नको." या ठोकून पाहण्याला पैसे पडत नाहीत. एमआरआयच्या फॉर्मवर 'कंबरदुखी' एवढंच लिहून पाठवलेल्या पेशंटला मी आवर्जून असं तपासते, कारण आत काय शोधायचं हे त्यातून कळतं.

आता एमआरआय काय वेगळं सांगतो ते बघू. एक्स-रे हाडातल्या कॅल्शियमची सावली दाखवतो, म्हणजे मणक्याचा आकार. त्या आकारात आज काय चाललं आहे, हे त्याला सांगता येत नाही. भिंतीला तडा गेलेला दिसावा, पण ती ओली आहे की कोरडी हे हात लावल्याशिवाय कळू नये, तसं हे आहे. म्हाताऱ्या माणसाच्या मणक्याच्या आतली मज्जा बरीचशी चरबीची असते. एमआरआयच्या टी-१ चित्रावर चरबी उजळ दिसते, म्हणून निरोगी मणका तिथे उजळ असतो. हाड मोडलं की त्या जागी रक्त आणि पाणी साचतं, चरबीची खूण झाकली जाते आणि तेवढा भाग टी-१ वर काळवंडतो. दुसरं चित्र स्टिर नावाचं. त्यात चरबीची चमक मुद्दाम दाबून टाकलेली असते, त्यामुळे पाणी असेल तेवढंच लखलखतं. मोडलेलं हाड जुळलं की पाणी ओसरतं, चरबी परत येते, आणि मणका आकाराने वाकडा राहिला तरी रंगाने शेजाऱ्यांसारखाच दिसू लागतो.

आजींच्या चित्रांत एल-१ असाच होता. पाचरीचा आकार तसाच, पण टी-१ वर डी-१२ आणि एल-२ इतकाच उजळ, स्टिरवर त्यांच्याइतकाच काळा. हा मणका केव्हाच बरा झाला होता. एल-३ चा वरचा अर्धा भाग मात्र टी-१ वर काळा, स्टिरवर झगझगीत, आणि प्लेटला समांतर अशी एक बारीक काळी रेघ आतून गेलेली. तीच मोडल्याची रेघ. म्हणजे एक्स-रेवर जो मणका डोळ्यांत भरत होता तो निर्दोष होता, आणि जो जवळपास सरळ दिसत होता तो दुखत होता.

इथे स्टिरचा आग्रह का धरायचा, तेही सांगते. घाईच्या तपासणीत काही ठिकाणी साधं टी-२ चित्र घेऊन थांबतात. आजच्या वेगवान टी-२ मध्ये चरबीही उजळ आणि पाणीही उजळ, त्यामुळे ताजी सूज चरबीत लपून जाते. स्टिर काही मिनिटांचं काम आहे. मणक्याच्या फ्रॅक्चरसाठी केलेल्या एमआरआयमध्ये ते नसेल, तर ती तपासणी अपुरी आहे असं मी स्पष्ट म्हणेन.

पण एमआरआयकडून तारखेची अपेक्षा ठेवू नये. सूज साधारण तीनेक महिन्यांत ओसरते. काहींत ती सहा महिन्यांनंतरही रेंगाळते. म्हणून स्टिरवर चमकणारा मणका 'अजून जुळलेला नाही' एवढंच सांगतो; पडून किती दिवस झाले ते आजींनीच सांगायचं असतं. शिवाय चमक दिसली की फ्रॅक्चरच, असंही नाही. झिजलेल्या चकतीच्या दोन्ही बाजूंना, वरच्या आणि खालच्या मणक्याच्या कडांत, झिजेमुळेच अशी सूज येते. मध्ये चकतीही खराब असेल, बाजूला पू साचलेला असेल, तर आपल्याकडे क्षयाचा विचार आधी करावा लागतो. मोडल्याची रेघ शोधायची ती यासाठीच.

आणखी एक प्रश्न एक्स-रे जवळजवळ सोडवूच शकत नाही, आणि नातेवाईक तो बहुधा दाराबाहेर येऊन हळू आवाजात विचारतात. मणका ठिसूळपणामुळे मोडला की आत कॅन्सर आहे? आजींच्या एल-३ चा खालचा भाग आपली चरबी राखून होता, मागची भिंत सरळ होती, मागच्या कमानीकडे जाणारे दोन्ही खांब स्वच्छ होते. हे दिलासा देणारं चित्र. सगळा मणका टी-१ वर काळा असेल, मागची भिंत फुगून मज्जारज्जूच्या नळीकडे गोलसर झुकली असेल, खांबही काळे असतील किंवा शेजारी मांसल गाठ असेल, तर मी रिपोर्टात तसं उघड लिहिते आणि पुढच्या तपासण्या सुचवते. पहिल्या काही आठवड्यांत ठिसूळ हाडाची सूजही अख्खा मणका व्यापू शकते, म्हणून एकाच खुणेवर विसंबून कुणाला कॅन्सरच्या भीतीत ढकलू नये.

जुना पेसमेकर वगैरे कारणांनी ज्यांचा एमआरआय होत नाही, त्यांचा एक्स-रे आडवं झोपवून आणि मग बसवून, असा दोनदा काढावा. झोपल्यावर उंची वाढली आणि बसल्यावर पुन्हा दबली, तर तो मणका अजून हलतो आहे, जुळलेला नाही. साधी युक्ती आहे, पण फार कमी वापरली जाते.

सिमेंटचा प्रश्नही जुन्या-नव्याशी बांधलेला आहे. २००९ मध्ये दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत खरोखर सिमेंट भरलेल्यांना आणि केवळ तसा देखावा केलेल्यांना सारखाच आराम पडला. त्यांवर आक्षेप असा होता, की त्यांत एक वर्षापर्यंतची जुनी फ्रॅक्चर्सही घेतली होती. २०१६ मध्ये सहा आठवड्यांच्या आतली, खूप दुखणारी फ्रॅक्चर्स घेतलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत फायदा दिसला. २०१८ च्या डच चाचणीत ताज्या फ्रॅक्चरमध्येही दिसला नाही. वाद मिटलेला नाही. पण जुळून गेलेल्या मणक्यात सिमेंट भरून काही साधत नाही, याबद्दल वाद नाही. आजींच्या एल-१ मध्ये सुई गेली असती, तर दुखणं एल-३ मध्येच राहिलं असतं. मी सर्जनना फोन केला, चित्रं दाखवली, आणि त्यांनी बेत रद्द केला. दुखण्याची औषधं, थोडे दिवस पट्टा, आणि पडून न राहता रोज थोडं चालणं, एवढ्यावर दोनेक महिन्यांत आजींची कळ गेली.

मुलाने नंतर घरातली फायलींची पिशवी आणून दिली. तिच्यात चार वर्षांपूर्वी मुतखड्यासाठी काढलेला सीटी स्कॅन होता. त्यात एल-१ आजच्याइतकाच दबलेला दिसत होता. रिपोर्टात खड्याचं माप, जागा, मूत्रपिंडाची सूज, सगळं होतं. मणक्याबद्दल एक शब्द नव्हता. मला याचं फार वाईट वाटलं. पडझड नसताना दबलेला मणका हाच हाडं ठिसूळ झाल्याचा पुरावा असतो, आणि असा मणका मोडलेल्या दर पाच बायकांपैकी साधारण एकीचा दुसरा मणका वर्षभरात मोडतो, हे २००१ पासून छापून आलेलं आहे. हाडं बळकट करणारी औषधं तेव्हाच सुरू झाली असती तर एल-३ कदाचित वाचला असता. आता ती सुरू झाली आहेत.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की खडा शोधताना, छाती पाहताना मणकाही पाहा आणि दबलेला दिसला तर रिपोर्टात लिहा. आणि घरात वृद्ध माणूस असलेल्या प्रत्येकाला सांगणं, की त्यांचे जुने एक्स-रे, सीटी, सीडी रद्दीत घालू नका. पाठदुखीसाठी तपासणीला जाल तेव्हा ते सगळं बरोबर न्या, आणि दबलेला मणका जुना आहे असं कळलं तरी 'हाडांचं औषध सुरू करायचं का' हे विचारल्याशिवाय परत येऊ नका.